वोल्टेज की वोल्टता?

भौतिकशास्त्राचं एक जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तक हिंदीत आणायचं आहे, असं धरून चालू. उदाहरण म्हणून ओपनस्टॅक्सचं ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’ घेऊ. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या या उपक्रमाचं हे पुस्तक २०१६ साली मुक्त परवान्याखाली आलं. त्याचे तीन खंड आहेत आणि त्यांत अनुक्रमे १७, १६ आणि ११ प्रकरणं आहेत. एवढं काम कोणी एकटा करत नाही, ते चार-पाच अनुवादकांत वाटलं जातं. इथेच घोळाला सुरुवात होते. पहिल्या खंडाच्या दहाव्या प्रकरणात, फिरत्या चकतीच्या संदर्भात, टॉर्क येतो आणि त्याचा अनुवादक ‘बल आघूर्ण’ लिहितो. दुसऱ्या खंडात चुंबकीय क्षेत्रातल्या तारेच्या वेटोळ्यावर टॉर्क येतो, तिथला अनुवादक ‘टॉर्क’च ठेवतो. तिसऱ्या खंडात अणूच्या रचनेपर्यंत पोचल्यावर आणखी कोणी ‘बलाघूर्ण’ असं जोडून लिहितो. तिघांपैकी कोणीच चुकलेलं नाही. पण तीन खंड एकामागून एक वाचणाऱ्या विद्यार्थ्याला या तीन वेगळ्या राशी वाटू शकतात.

असं होऊ नये म्हणून अनुवादक ट्रान्सलेशन मेमरी वापरतात. हे यांत्रिक भाषांतर नव्हे, इथे यंत्र स्वतःहून काहीच लिहीत नाही. मूळ मजकूर वाक्यावाक्यांत तोडला जातो. अनुवादक एकेका वाक्यासमोर हिंदी वाक्य लिहितो आणि ही जोडी साठवली जाते. पुढे तसंच किंवा त्याच्याजवळचं वाक्य आलं, की जुनी जोडी बाजूच्या चौकटीत दिसते. ‘चकतीवरचा टॉर्क शून्य आहे’ या अर्थाचं सात शब्दांचं इंग्रजी वाक्य पहिल्या खंडात येऊन गेलं असेल आणि दुसऱ्या खंडात फक्त चकतीच्या जागी लूप आला, तर सातातले सहा शब्द तेच राहतात. यंत्र सुमारे ८५ टक्के जुळणी दाखवतं आणि ‘चकती पर लगने वाला बल आघूर्ण शून्य है’ हे जुनं वाक्य समोर ठेवतं. दुसऱ्या खंडाच्या अनुवादकाने फक्त चकती बदलायची. ‘बल आघूर्ण’ त्याला आयतं मिळतं, आणि तो शब्द आधी कोणी ठरवला हे शोधत बसावं लागत नाही.

ट्राडोस आणि मेमोक्यू ही विकत मिळणारी साधनं या धंद्यात रुळलेली आहेत. पाठ्यपुस्तकाच्या कामाला OmegaT हे मोफत साधनही पुरतं. त्यात एका प्रकल्पाचं एक फोल्डर असतं. `source` मध्ये मूळ प्रकरणं, `target` मध्ये तयार हिंदी प्रकरणं, `tm` मध्ये संदर्भासाठी जुन्या मेमरी आणि `glossary` मध्ये शब्दावली. चालू कामाची मेमरी `project_save.tmx` या फाइलीत जमा होत जाते. तिन्ही खंड एकाच प्रकल्पात ठेवून तो सगळ्यांनी मिळून वापरायचा, हे उत्तम. खंडागणिक वेगळे प्रकल्प केले, की तीन मेमरी तयार होतात आणि त्या तीन दिशांना जातात.

मेमरी घेतली म्हणजे शब्दांचा प्रश्न सुटला, असा समज मात्र सर्रास आढळतो. मेमरी वाक्य लक्षात ठेवते, शब्द नाही. पाठ्यपुस्तकात जशीच्या तशी पुन्हा येणारी वाक्यं थोडी असतात आणि ती बहुधा उदाहरणांत नि स्वाध्यायांत असतात. स्पष्टीकरणाचे परिच्छेद दर वेळी नवे असतात. तिथे मेमरीची चौकट रिकामी राहते आणि अनुवादक आपल्या सवयीचा शब्द लिहून मोकळा होतो. शिवाय पहिल्या दिवशी चुकीचा शब्द पडला, तर मेमरी तोही तितक्याच इमानाने पुढच्या प्रत्येकाला देते.

म्हणून मेमरीइतकंच महत्त्व शब्दावलीच्या फाइलीला आहे, आणि ती पहिलं प्रकरण उघडण्याआधी तयार असावी लागते. शब्द घरी घडवायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. १ ऑक्टोबर १९६१ ला स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाने विषयवार संग्रह काढलेले आहेत. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची हिंदी पुस्तकं तर विद्यार्थी वाचूनच आलेला असतो, तेव्हा त्याच्या ओळखीचा शब्द मोडायला सबळ कारण हवं. OmegaT मधली शब्दावली म्हणजे टॅबने तोडलेली साधी मजकुराची फाइल: मूळ शब्द, हिंदी शब्द, टीप.

```
torque	बल आघूर्ण	दो शब्द
voltage	वोल्टता	स्त्री.; वोल्टेज नहीं
power	शक्ति	यांत्रिकी, विद्युत
power	क्षमता	केवल लेंस
power	घात	गणित
```

मूळ वाक्यात यातला शब्द आला, की तो अधोरेखित होतो आणि हिंदी शब्द टिपेसकट समोर येतो. टिपेचा हा तिसरा रकाना लोक आळसाने रिकामा ठेवतात, पण खरं काम तोच करतो. पॉवर हा शब्द पहिल्या खंडाच्या पहिल्या प्रकरणात दहाच्या घातांसाठी येतो, सातव्यात कार्य करण्याच्या दरासाठी, आणि तिसऱ्या खंडात भिंगासाठी. एकवाक्यता म्हणजे एका इंग्रजी शब्दाला सगळीकडे एकच हिंदी शब्द, असं मानलं तर भिंगाला ‘शक्ति’ मिळेल आणि यंत्राची तपासणी खूश होईल. एका संकल्पनेला एक शब्द हवा. यंत्राला मात्र संकल्पना दिसत नाही, अक्षरं दिसतात. ही दरी टिपेने आणि संपादकाच्या नजरेने भरायची असते. नुसतं एका शब्दाचं शीर्षक असेल तर विशेष जपावं लागतं. OmegaT हुबेहूब तीच मूळ ओळ दिसली की पहिला अनुवाद आपोआप सगळीकडे लावतं, आणि एखाद्या जागी वेगळा हवा असेल तर पर्यायी अनुवाद म्हणून मुद्दाम नोंदवावा लागतो.

आता खरी कसोटी: काम निम्मं झाल्यावर शब्द बदलायचा ठरला तर? दुसऱ्या खंडात सातव्या प्रकरणापासून विद्युत विभव सुरू होतं. सातवं ते दहावं प्रकरण एकाकडे गेलं आणि त्याने ‘वोल्टेज’ लिहिलं. प्रत्यावर्ती धारेचं पंधरावं दुसरीकडे गेलं, तिने बारावीच्या पुस्तकातलं ‘वोल्टता’ घेतलं. शब्दावलीत हा शब्द नव्हता, कारण तो वादाचा होईल असं कोणाला वाटलंच नव्हतं. संपादकाने निकाल दिला: वोल्टता.

पहिला मोह ‘सगळीकडे बदला’ ही आज्ञा देण्याचा होतो. पण वोल्टेज हिंदीत पुल्लिंगी, तर वोल्टता स्त्रीलिंगी. ‘परिपथ पर उच्च वोल्टेज लगाया जाता है’ याचं एका फटक्यात ‘उच्च वोल्टता लगाया जाता है’ होतं. ‘प्रतिरोधक का वोल्टेज मापा गया’ मध्ये तर ‘का’ आणि ‘मापा गया’ दोन्ही हलतात. मराठी वाचकाला हे लगेच कळेल, नामाचं लिंग बदललं की आपल्याकडेही विशेषणापासून क्रियापदापर्यंत सगळं वाक्य हलतं. तेव्हा वोल्टेज असलेल्या वाक्यांची यादी काढून प्रत्येक वाक्य माणसाने वाचूनच दुरुस्त करायचं. दुसरा इलाज नाही. साधनाची मदत एवढीच, की एकही वाक्य नजरेतून सुटत नाही.

ही दुरुस्ती कुठे करायची, हे त्याहून महत्त्वाचं. मुद्रितशोधक ती जुळणी झालेल्या पानांवर करतो, पान स्वच्छ होतं, खंड छापायला जातो आणि मेमरीत वोल्टेज तसंच बसून राहतं. मग तिसऱ्या खंडाच्या आठव्या प्रकरणात क्ष-किरण नळीतल्या त्वरक वोल्टतेचं वाक्य आलं, की मेमरी जुनं वोल्टेज आदराने पुढे करते. बहुखंडी कामात हेच सगळ्यात जास्त बिघडतं, आणि दोष कोणाचा हे कळायला मार्ग राहत नाही. पानावर केलेली प्रत्येक शब्दाची दुरुस्ती मेमरीत परत गेलीच पाहिजे. जुन्या आवृत्तीची किंवा न तपासलेली मेमरी हाताशी असेल, तर ती `tm/penalty-30` अशा नावाच्या फोल्डरात टाकावी. मग तिच्यातल्या पूर्ण जुळणीलाही OmegaT ३० टक्के कमी दाखवतं आणि अनुवादक सावध होतो.

शोधण्याचीही एक मेख आहे. स्पीडसाठी ‘चाल’ ठरलं असेल आणि तेवढी दोन अक्षरं शोधली, तर विद्युत ‘चालक’ही सापडतो. ‘वेग’ शोधलं तर ‘संवेग’ आणि ‘आवेग’, ‘बल’ शोधलं तर ‘प्रतिबल’, ‘प्रबल’ आणि दिव्याचा ‘बल्ब’सुद्धा. म्हणून पूर्ण शब्द शोधावा. पण मग ‘वोल्टताओं’ सारखी अनेकवचनी रूपं निसटतात, म्हणून तीही वेगळी शोधावी लागतात.

सगळ्यात चकवा देणारा दोष तर डोळ्यांना दिसतच नाही. ‘जड़त्व’ मधला ड़ दोन प्रकारे टाइप होतो: ड आणि खालचा नुक्ता असे दोन संकेत, किंवा दोन्ही मिळून एकच संकेत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. शब्दावलीत एक आणि अनुवादकाच्या कीबोर्डातून दुसरा आला, की ‘जड़त्व आघूर्ण’ अचूक लिहिलेलं असूनही तपासणी त्याला चूक ठरवते. चुंबकीय आणि चुम्बकीय यांचं तेच. केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या मानक वर्तनीत अशा ठिकाणी अनुस्वार आहे, तोच धरावा. अक्षरांसाठी प्रत्येक प्रकरण आत घेताना युनिकोडचं एकसमानीकरण करून घ्यावं. ते काही मिनिटांत होतं. हे राहून गेल्याचं उशिरा कळतं ते शेवटच्या सूचीत: अकारविल्हे लावलेल्या शब्दांत जड़त्व दोनदा येतो आणि दोघांचे पृष्ठ-क्रमांक वेगळे असतात. कंटाळवाणी वाटली तरी सूची खंड छापायच्या आधीच काढून पाहावी, कारण एका शब्दाची दोन रूपं शेजारी शेजारी फक्त तिथेच दिसतात.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, ज्याबद्दल प्रकाशक मोकळेपणाने बोलत नाहीत. अनुवादाच्या धंद्यात मेमरीशी जुळलेल्या वाक्यांचा दर कमी लावतात, पूर्ण जुळलेल्यांचा तर कधी शून्य. ज्या वाक्याचे पैसे नाहीत ते वाक्य अनुवादक वाचत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. पण पहिल्या खंडातली एखादी चूक दुसऱ्या-तिसऱ्यात जशीच्या तशी उतरते, ती अशाच न वाचलेल्या वाक्यांतून. पूर्ण जुळणीलाही वाचनाचा थोडा दर ठेवावा, निदान प्रत्येक खंडाच्या पहिल्या फेरीत. आणि करारात पानांच्या पीडीएफसोबत दुरुस्त केलेली `project_save.tmx` आणि शब्दावलीची फाइल प्रकाशकाला देण्याचं कलम असावं. नाहीतर ती अनुवादकाच्या लॅपटॉपवर राहते, आणि काही वर्षांनी नवी आवृत्ती निघते तेव्हा नवा गट वोल्टेज की वोल्टता हा वाद पुन्हा पहिल्यापासून घालतो.