चामड्याचा सुगंध आणि भूर्जाचे डांबर : काही गैरसमज व वस्तुस्थिती

सुगंधी द्रव्यांच्या बाजारपेठेत 'लेदर' या नावाने ओळखला जाणारा एक जुना व प्रतिष्ठित वर्ग आहे. त्या वर्गातील कुपीचे बूच काढताच घोड्याचे खोगीर, जुन्या ग्रंथाची बांधणी किंवा नुकतीच विकत घेतलेली पादत्राणे डोळ्यांपुढे उभी राहतात. आणि ज्या अर्थी असा हुबेहूब भास होतो, त्या अर्थी कुपीत चामड्याचा काही ना काही अंश असलाच पाहिजे, असे अनुमान सामान्य ग्राहक बांधतो. हे अनुमान स्वाभाविक असले तरी चुकीचे आहे. त्याच्या पाठोपाठ येणारे आणखी काही समजही तितकेच निराधार असल्यामुळे त्यांचा क्रमाने विचार करणे इष्ट ठरेल.

गैरसमज पहिला : चामड्याचा वास हा जनावराच्या कातड्याचा वास होय.

वस्तुस्थिती याच्या जवळजवळ उलट आहे. जनावराच्या अंगावरून नुकतेच उतरविलेले कातडे मांसाचा आणि मेदाचा वास देते, आणि दोन-चार दिवस तसेच राहिले तर सडू लागते. त्यात ग्राहकाला हवासा वाटणारा कोणताही गंध नसतो. तो गंध येतो कातडे कमावताना. चुन्याच्या निवळीत भिजवून, केस व मांस खरवडून काढलेले कातडे जेव्हा झाडांच्या साली टाकलेल्या पाण्यात आठवड्यांमागून आठवडे मुरते, तेव्हा सालींतील तुरट द्रव्य त्याच्या तंतूंत शिरून त्यांना टिकाऊ करते, आणि त्याचबरोबर लाकडाचा, मातीचा व किंचित गोडसर असा वासही देऊन जाते. आपल्याकडील कोल्हापुरी वहाण घ्या : तिचे चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, आणि नव्या वहाणेचा जो वास आपण आवडीने हुंगतो त्यात जनावरापेक्षा या झाडांचा वाटा मोठा असतो. याउलट, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ झालेल्या क्रोम-क्षारांच्या पद्धतीने कमावलेल्या चामड्यात हा वनस्पतिज गंध नसतो, आणि म्हणूनच कित्येक कारखानदार तयार मालावर चामड्याचा वास मुद्दाम चढवितात.

या संदर्भात फ्रान्समधील ग्रास या गावाचा दाखला बोलका आहे. हे गाव मूळचे कातडी कमावणाऱ्यांचे. तेथील हातमोजे उंची असले तरी त्यांना कारखान्याची दुर्गंधी चिकटलेली असे, आणि ती झाकण्यासाठी मोज्यांना फुलांचा वास देण्याचा जो उद्योग सोळाव्या-सतराव्या शतकांत वाढला, त्यातूनच पुढे हे गाव सुगंधव्यवसायाची राजधानी बनले. ज्या वासापासून सुटका हवी होती, त्याच्याच सुधारलेल्या रूपाची मागणी पुढे अत्तरांच्या दुकानांत होऊ लागली.

गैरसमज दुसरा : चामड्याचे अत्तर म्हणजे चामड्यापासून काढलेला अर्क.

गुलाबाच्या पाकळ्यांप्रमाणे चामडे भट्टीवर चढवून त्याचे तेल गाळता येत नाही. सुगंधव्यवसायात 'चामड्याचे तेल' असा जिन्नसच नाही. मग हा भास निर्माण होतो कशाने? याचे सर्वांत उद्बोधक उत्तर रशियात मिळते. तेथे 'युफ्त' या नावाचे एक चामडे शतकानुशतके तयार होत असे. विलोसारख्या झाडांच्या सालींनी ते कमावीत, आणि मग मऊपणासाठी व पाण्यापासून बचाव व्हावा म्हणून बर्च झाडाच्या सालीपासून काढलेले डांबरी तेल त्यात मुरवीत. या तेलामुळे चामड्यात पाणी शिरत नसे, कसर व किडा त्याच्या वाटेस जात नसे, आणि त्याला धुराची झाक असलेला असा एक निराळाच वास येत असे, की युरोपभर पुस्तकांच्या बांधणीसाठी व सामानाच्या पेट्यांसाठी 'रशियन चामडे' आवर्जून मागितले जाई.

त्याच्या टिकाऊपणाचा पुरावा समुद्रतळाने जपून ठेवला होता. 1786 च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गहून जिनोआकडे ताग व चामडी घेऊन निघालेले 'मेटा कॅथरिना' नावाचे जहाज वादळात सापडून इंग्लंडमधील प्लिमथच्या आखातात बुडाले. 1973 साली पाणबुड्यांना त्याचा पत्ता लागला, तेव्हा चिखलात दबलेल्या गठ्ठ्यांतील रेनडिअरची चामडी जवळजवळ दोन शतकांनंतरही इतकी शाबूत होती की कारागिरांनी त्यांपासून नव्या वस्तू बनविल्या.

सुगंधकारांनी पुढे जे केले ते यावरून सहज समजेल. त्यांनी कातडे बाजूस ठेवले आणि त्याला ज्या तेलाने वास दिला होता ते तेलच कुपीत आणले. मॉस्कोत जन्मलेल्या एर्नेस्ट बो या सुगंधकाराने शानेल या पेढीसाठी 1920 च्या दशकात जे अत्तर रचले, त्याचे नाव 'क्युइर द रुसी', म्हणजे रशियन चामडे, असेच आहे. असे अत्तर रचणारा जनावराची नव्हे, तर कातडी कमावणाऱ्या कारागिराच्या कामाची नक्कल करीत असतो.

गैरसमज तिसरा : हे डांबर रस्त्यावर ओततात त्याच जातीचे असते.

रस्त्याचे डांबर खनिज तेलापासून मिळते. हे मात्र झाडाच्या सालीपासून होते. बर्च हे आपल्या पुराणग्रंथांना भूर्जपत्र पुरविणाऱ्या हिमालयातील भूर्जवृक्षाच्याच कुळातील झाड असून, उत्तर युरोपात त्याची पांढरी साल मुबलक मिळते. ही साल एका भांड्यात ठासून, हवा आत जाणार नाही अशा बेताने झाकून, बाहेरून विस्तव देतात. आत हवा नसल्यामुळे साल पेट घेत नाही. तिच्यातील द्रव्यांचे उष्णतेने विघटन होते आणि काळा, दाट, चिकट रस तळाच्या छिद्रातून खालच्या भांड्यात उतरतो. आपल्याकडे कनौजचे अत्तारिये राळ किंवा लोबान मातीच्या मडक्यात तापवून 'चोया' काढतात, त्यामागील तत्त्व हेच होय. या काळ्या रसात ग्वायाकोल, क्रेसॉल यांसारखी फिनॉल वर्गातील द्रव्ये असतात. धुरात सुकवलेल्या मांसाचा, विझलेल्या शेकोटीचा आणि जुन्या कार्बोलिक साबणाचा वास याच वर्गातून येतो. मेंदू त्यांना 'चामडे' म्हणून ओळखतो तो केवळ दीर्घ साहचर्यामुळे.

गैरसमज चौथा : भूर्ज-डांबराचे थेंब टाकले की चामड्याचे अत्तर तयार होते.

तसे केल्यास हाती येतो तो धूर, चामडे नव्हे. चामड्याचा भास हा अनेक द्रव्यांच्या मेळातून, ज्याला सुगंधकार 'अकॉर्ड' म्हणतात त्यातून, साकार होतो. नमुन्यादाखल वजनाने शंभर भागांचा एक साधा मेळ पाहू : लॅब्डॅनम ही भूमध्य सागराकाठच्या एका झुडपाची राळ 30 भाग, सीडरवुडचे तेल 25, वाळ्याचे तेल 15, पाचोली 10, शिलारस 10, कुमारिन 7, शुद्ध केलेले भूर्ज-डांबर 2 आणि आयसोब्युटिल क्विनोलिन 1. येथे लॅब्डॅनम व शिलारस चामड्याचा ऊबदार, तेलकट देह देतात. सीडर व वाळा कमावलेल्या सालीची कोरडी तुरट बाजू सांभाळतात. डांबर धूर पुरविते. आणि क्विनोलिन हे प्रयोगशाळेत बनणारे द्रव्य कडवट, हिरवट असा तो चरचरीतपणा आणते, जो नव्या हातमोज्यात जाणवतो. जेर्मेन सेलिए यांनी 1944 साली पिगे या पेढीसाठी रचलेल्या 'बांदी' या अत्तराची ख्याती या क्विनोलिनच्या धीट वापरामुळेच आहे.

मात्रेचा हिशेब विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. वरील मेळ अत्तराच्या सुगंधी भागात पंचमांश घातला आणि तो सुगंधी भाग अल्कोहोलात 15 टक्के ठेवला, तर तयार मालात डांबर केवळ 0.06 टक्के उरते. म्हणजे 50 मिलिलिटरच्या कुपीत सुमारे एक थेंब. तरीही त्याचा अंमल साऱ्या रचनेवर चालतो, सबब सुगंधकार ते दहा टक्क्यांच्या विरल द्रावणातूनच मोजतात. मात्रा चुकली की कागदाच्या वासपट्टीवर ती लगेच उघडी पडते : डांबर जास्त झाले तर पट्टीला धुरात सुकवलेल्या मांसाचा किंवा इस्पितळाच्या फरशीचा वास येतो, क्विनोलिन जास्त झाले तर तापलेल्या रबराचा. वरवरची द्रव्ये उडून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी तीच पट्टी पुन्हा हुंगली असता चामडे उरले आहे की नुसता धूर, याची खातरजमा होते. कारण डांबर पट्टीवर कित्येक दिवस टिकते आणि मेळातील दुबळे दुवे त्याच्यापुढे गळून पडतात.

गैरसमज पाचवा : सालीतून येते ते नैसर्गिक, म्हणून निर्धोक; प्रयोगशाळेतले ते घातक.

भूर्ज-डांबर या समजाचा ठळक अपवाद आहे. साल हवेविना तापविली जाते तेव्हा बेंझोपायरीनसारखी, कर्करोगास कारण होऊ शकणारी, बहुवलयी द्रव्येही तयार होतात. म्हणून आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या, म्हणजे 'इफ्रा'च्या, नियमांनुसार कच्चे डांबर अत्तरात वापरण्यास मनाई आहे. पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेलेच चालते, आणि या घातक द्रव्यांचा अंश तयार मालात अब्जात एक भाग याहून अधिक असता कामा नये. या बंधनामुळे पुष्कळ सुगंधकार आज धुराची छटा निवडक फिनॉल द्रव्यांतून, आणि मऊ चामड्याची छटा सॅफ्रलीनसारख्या कृत्रिम द्रव्यांतून जुळवितात. अशा रचनेत मूळ डांबराचा गुंतागुंतीचा खोलपणा थोडा उणा पडतो, हे खरे; परंतु तिच्यातील प्रत्येक घटक ठाऊक असतो आणि मोजता येतो.

गैरसमज सहावा : कातडे नाही, म्हणजे प्राणिज काहीच नाही.

येथे मात्र सावधगिरी हवी. चामड्याच्या जुन्या अत्तरांत बीव्हर या पाणवठ्यावरील प्राण्याच्या ग्रंथींतून मिळणारे कॅस्टोरियम घातले जाई. त्याचा वासही धुरकट व चामड्यासारखाच असतो. आज बहुतेक ठिकाणी त्याची जागा कृत्रिम पर्यायांनी घेतली आहे, पण ती सर्वत्र घेतली आहे असे गृहीत धरता येत नाही. ज्या ग्राहकाला प्राणिज द्रव्य नको असेल, त्याने 'यात चामडे आहे का' असे विचारून उपयोग नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी 'नाही' असेच येईल. त्याने 'यातले कॅस्टोरियम खरे की कृत्रिम' असे विचारावे, आणि उत्पादकाकडून त्याचे स्पष्ट उत्तर घ्यावे.