टक्कल आणि पौरुष : लेखांक सहावा

गेल्या लेखांकात केसाच्या वाढीचा, विश्रांतीचा आणि गळण्याचा क्रम आपण पाहिला; आता, ज्या द्रव्यामुळे हा क्रम माथ्यावर बिघडतो त्याचा विचार करावयाचा आहे. टकलाविषयी दोन परस्परविरोधी समजुती रूढ आहेत : एका पक्षाच्या मते ते अतिरिक्त पौरुषाचे लक्षण, तर दुसऱ्याच्या मते वीर्यक्षयाचे फळ. दोहोंचेही जुने दाखले ग्रीसमध्ये सापडतात. वृषणे काढलेल्या पुरुषास टक्कल पडत नाही, असे हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या वैद्यकसूत्रांत नमूद आहे. तर संभोगाने देहातील उष्णता खर्ची पडते व मुळातच थंड असलेला मेंदू अधिक थंडावून केस झडतात, अशी उपपत्ती अ‍ॅरिस्टॉटलने मांडली.

यांपैकी सूत्रातील निरीक्षण खरे ठरले, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने १९४२ साली असे दाखविले की, वयात येण्यापूर्वी ज्यांची वृषणे निकामी झाली त्यांचे माथ्यावरील केस शाबूत राहतात. परंतु त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिले असता, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचेच केस विरळ होऊ लागले, इतरांचे झाले नाहीत. संप्रेरक बंद करताच गळती थांबली, मात्र गेलेले केस परतले नाहीत. म्हणजे संप्रेरक आवश्यक खरे, पण आनुवंशिक प्रवृत्तीवाचून ते निष्प्रभ!

खरा कर्ता मात्र टेस्टोस्टेरॉन नसून, एका विकराच्या साहाय्याने त्यापासून बनणारे डीएचटी हे अधिक प्रभावी द्रव्य होय. याचा निर्णायक पुरावा १९७४ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून पुढे आला. त्यांतील काही मुलग्यांत हे विकर जन्मतःच उणे असल्याने बाळपणी त्यांची गणना मुलींत होई. वयात येताच मात्र, टेस्टोस्टेरॉन पुरेसे असल्यामुळे, त्यांचा आवाज घोगरा होई व स्नायू भरत, पण दाढी विरळच राही आणि कपाळावरील केसांची रेषा मागे सरत नसे.

डीएचटीचा हुकूम सर्वत्र एकच असला, तरी ठाण्याठाण्याचा अंमलदार निराळा : हनुवटीवर तेच द्रव्य केस दाट करते, तर प्रवृत्त माथ्यावर केसाची मुळे आक्रसवून त्यांची वाढ अल्पायुषी करते. डोक्याच्या मागच्या भागातील मुळे याला फारशी जुमानत नाहीत. म्हणूनच केसरोपणासाठी तेथील केस घेतात. टकल्या आणि केसाळ पुरुषांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉनमध्ये लक्षणीय तफावत आढळत नाही. फरक आहे तो मुळांच्या संवेदनशीलतेत.

सबब, टकलास पौरुषाचे प्रशस्तिपत्र अथवा दोषारोपपत्र मानू नये. कामेच्छा मंदावल्याची तक्रार असेल, तर वाचकांनी माथा न निरखता वैद्याकडून रक्ताची तपासणी करून घ्यावी.