नळीचा ताप काचेवर कळतो

ग्रामीण रुग्णालयातल्या ऑटोक्लेव्हमध्ये शस्त्रक्रियेची अवजारे निर्जंतुक करायची असतील, तर १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ किमान पंधरा मिनिटे मिळावी लागते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत ऊन भरपूर असते. मग ही वाफ उन्हावर का करू नये? करता येते. पण बाजारात मिळणारी सगळ्यात महागडी सौरनळी त्यासाठी लागते का, याचे उत्तर नळीतून उष्णता किती गळते यावर ठरते.

ही नळी बसते ती परवलयाकार पन्हळीत. लांबलचक वाकवलेल्या आरशावर ऊन पडले की ते एका रेषेत एकवटते आणि त्या रेषेवर पोलादी नळी असते. नळीतून तेल किंवा पाणी वाहते आणि तापते. मोठ्या वीजप्रकल्पांत आरशाची रुंदी पावणेसहा मीटर आणि नळीचा व्यास सात सेंटीमीटर असतो. नळीभोवती बारा-साडेबारा सेंटीमीटर व्यासाची काचेची नळी असते आणि दोन्हींमधली हवा काढून टाकलेली असते. थर्मासमध्ये चहा गरम राहतो तो अशाच पोकळीमुळे.

हवाच नाही म्हटल्यावर वाऱ्याने आणि स्पर्शाने जाणारी उष्णता जवळजवळ थांबते. उरते ते उत्सर्जन, म्हणजे तापलेल्या वस्तूतून किरणांच्या रूपाने बाहेर पडणारी उष्णता. तिला हवेची गरज नसते. शिवाय तिची वाढ सरळ नसते, ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातात होते. काचेशिवायच्या, साध्या काळ्या रंगाच्या सात सेंटीमीटरच्या नळीचा एक मीटर तुकडा घेऊ. भोवतालचे तापमान २७ अंश असताना नळी १०० अंशांवर असेल, तर उत्सर्जनाने सुमारे १२५ वॅट जातात. ती ३५० अंशांवर नेली, की हाच आकडा १६०० वॅट होतो. भोवतालाशी असलेला फरक साडेचार पटही वाढला नाही, गळती मात्र जवळपास तेरा पट झाली.

म्हणून नळीवर साधा काळा रंग न देता खास लेप देतात. तो ऊन शोषतो, पण स्वतः तापल्यावर उष्णता फारच कमी बाहेर टाकतो. लेप, काच आणि पोकळी हे तिघे मिळून गळती किती कमी करतात, हे मोजण्याची एक सोपी पद्धत आहे. नळी सूर्याखाली ठेवायचीच नाही. तिच्या आत विजेचे हीटर घालायचे आणि नळीचे तापमान स्थिर राहीपर्यंत वीज कमी-जास्त करायची. तापमान वाढतही नाही आणि घटतही नाही, तेव्हा जेवढी वीज आत जाते तेवढीच उष्णता बाहेर जात असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २००८ च्या बनावटीची एक जर्मन नळी अशी तपासली. तिच्या दर मीटरमागे गळती १५० अंशांवर सुमारे २५ वॅट, ३५० अंशांवर १५० वॅट आणि ४०० अंशांवर २२० वॅट इतकी येते.

आता हिशेब करू. निरभ्र दुपारी थेट ऊन चौरस मीटरला ८०० वॅट धरले, तर पावणेसहा मीटर रुंद आरशाच्या एक मीटर लांबीवर ४६०० वॅट पडतात. आरशाची चकाकी, काच आणि लेप यांत काही भाग जाऊन पाऊण हिस्सा, म्हणजे ३४५० वॅट नळीपर्यंत पोहोचतो. नळी ४०० अंशांवर असेल तर त्यातून २२० वजा करायचे. हाती आले ३२३० वॅट, म्हणजे कार्यक्षमता ७० टक्के. इतक्या तापमानाला हे चांगलेच आहे.

पण पोकळी टिकली नाही तर? या प्रकल्पांतले तेल ४०० अंशांच्या आसपास हळूहळू विघटित होते आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. तो इतका सूक्ष्म असतो, की तापलेल्या पोलादातून झिरपून पोकळीत शिरतो. तो शोषून घेणारे पदार्थ नळीत ठेवलेले असतात, पण त्यांनाही मर्यादा असते. हायड्रोजन उष्णता फार सहज वाहून नेतो, त्यामुळे गळती चौपटीच्या घरात जाते. वरच्या उदाहरणात २२० चे ८८० होतात आणि कार्यक्षमता ५६ टक्क्यांवर येते.

बिघाड ओळखायचा कसा? काचेच्या आत बेरियमचा चंदेरी ठिपका असतो. हवा शिरली की तो पांढरा पडतो. हायड्रोजन शिरला तर मात्र ठिपका काही सांगत नाही. तेव्हा कामी येते काचेचे तापमान. आयआयटी मुंबईचे माजी संचालक प्रा. सुहास सुखात्मे यांच्या सौरऊर्जेवरच्या पाठ्यपुस्तकात याचा हिशेब विद्यार्थी शिकतात. काचेचे तापमान आधी अंदाजाने धरायचे. नळीकडून काचेला मिळणारी आणि काचेकडून हवेत जाणारी उष्णता काढायची. दोन्ही जुळेपर्यंत अंदाज सुधारत जायचा. याचाच अर्थ असा, की आतून जास्त गळत असेल तर काच जास्त तापते. चांगल्या नळीची काच साठ-सत्तर अंशांच्या आसपास राहते, बिघडलेलीची शंभरीपार जाते. करोनाकाळात कपाळाचा ताप मोजणाऱ्या बंदुकीच्या तत्त्वावर चालणारी, पण जास्त पल्ल्याची बंदूक किंवा कॅमेरा घेऊन नळ्यांच्या रांगा तपासता येतात. काच या किरणांना अपारदर्शक असल्याने वाचन काचेचेच येते, आतल्या नळीचे नाही. तपासणाऱ्याने एकवटलेल्या उन्हाच्या रेषेत मात्र हात किंवा डोळा नेऊ नये.

आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने हरियाणात गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथे उभा राहिलेला एक मेगावॅटचा प्रकल्प याच पन्हळींवर तेल ३९० अंशांच्या घरात तापवण्यासाठी आखलेला होता. तिथे निर्वात नळीला पर्याय नाही. शहापूर-मुरबाडच्या रुग्णालयाची गोष्ट वेगळी. १२१ अंशांच्या वाफेसाठी नळी १५० अंशांवर असली तरी पुरते. तिथे निर्वात नळीची गळती २५ वॅट. पोकळीऐवजी साधी हवा असलेल्या काचेच्या नळीची धरली तरी ती शंभर वॅटच्या आसपास येते. ३४५० मधून पंचवीसऐवजी शंभर गेले, तर कार्यक्षमता साडेचौऱ्याहत्तरवरून ७३ टक्क्यांवर येते. एवढ्या फरकासाठी निर्वात नळीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. रुग्णालयाची पन्हळ प्रत्यक्षात याहून अरुंद असेल. तिची नळीही त्याच प्रमाणात बारीक ठेवली, तर निष्कर्ष बदलत नाही.

खरी अडचण आभाळाची आहे. नळी एकदा तापली की तिची गळती उन्हाच्या कमी-जास्तपणावर अवलंबून राहत नाही. धुरकट दिवशी थेट ऊन निम्मे झाले, तर ४०० अंशांवरच्या चांगल्या नळीची कार्यक्षमता ७० वरून ६५ टक्के होते, बिघडलेलीची ५६ वरून ३७. आणि ढगाळ उजेड आरशाला एकवटताच येत नाही. तानसा आणि भातसा धरणे भरणारा पाऊस ज्या चार महिन्यांत पडतो, तेव्हा सर्वांत उत्तम नळीही रुग्णालयाला वाफ देणार नाही. निर्वात नळीवर वाचलेला पैसा पावसाळ्यासाठी विजेचा किंवा गॅसचा जोड-बॉयलर सज्ज ठेवण्याकडे वळवला, तर अवजारे बाराही महिने निर्जंतुक होतील.