दर पंधरवड्याची आवृत्ती – भाग ७ : फ्रीझ कधी, रिलीज कधी

गेल्या आठवड्यात आपण रोजच्या कामाची शिस्त पाहिली. आता शेवटचे पाच दिवस. उदाहरणासाठी नातेपुत्यातल्या चार जणांची टीम धरू. आसपासच्या दूध संकलन केंद्रांसाठी त्यांचं मोबाइल ॲप आहे. त्यात दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ नोंदवले जातात, दर निघतो आणि दहा दिवसांनी शेतकऱ्याच्या पगाराचं बिल तयार होतं.

रिलीज दर दुसऱ्या मंगळवारी. फ्रीझ त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी सहाला. त्या क्षणी मुख्य शाखेवरून रिलीजची शाखा काढायची:

```
git switch -c release/2.14 main
```

पुष्कळ टीम फ्रीझमध्ये सगळ्यांचंच काम थांबवतात. त्याची गरज नाही. गोठते ती ही शाखा; `main` वर पुढच्या पंधरवड्याचं काम चालूच राहतं. नाहीतर पाच दिवसांचं न जोडलेलं काम साचतं आणि बुधवारी एकदम अंगावर येतं.

गोठलेल्या शाखेत तीनच प्रकारच्या दुरुस्त्या घ्याव्यात: बिल चुकतंय, संकलन अडतंय किंवा नोंद हरवतेय. रिपोर्टचा रंग, नवं बटण, ‘फक्त दोन ओळींचा बदल’ हे सगळं पुढच्या खेपेला. सायकल चौदा दिवसांची असली की हा नकार देणं सोपं जातं, कारण पुढची गाडी फार लांब नसते.

शुक्रवारचं मुख्य काम एकच. मागच्या दहा दिवसांच्या खऱ्या नोंदींची प्रत घ्यायची, जुन्या आणि नव्या आवृत्तीने बिल काढायचं आणि ओळ न् ओळ पैशापर्यंत ताडून पाहायची. समजा एका ओळीत दूध ७.४ लिटर आहे आणि सूत्राने दर ३३.६४७ रुपये आला. जुनी आवृत्ती आधी दर ३३.६५ करते, मग गुणते: २४९.०१ रुपये. नवी आवृत्ती आधी गुणते, मग पूर्णांकन करते: २४८.९९. फरक दोन पैशांचा. पण शेतकऱ्याच्या पावतीवर दर ३३.६५ छापलेला असतो, आणि तो घरी गुणाकार करून पाहतो. पावतीतला हिशेब पावतीवरच जुळला पाहिजे, म्हणून ही ‘बिल चुकतंय’ या प्रकारातली दुरुस्ती. ती आधी `main` वर करायची, मग रिलीजच्या शाखेत आणायची:

```
git cherry-pick -x 9f3c1ab
```

`-x` मुळे मूळ कमिटचा क्रमांक संदेशात राहतो. यानंतर अख्खी तुलना पुन्हा चालवायची, फक्त ती ओळ नव्हे. बिल्ड बदलला म्हणजे शुक्रवारची आधीची खात्री संपली. शनिवार-रविवारी तोच बिल्ड दोन ओळखीच्या केंद्रांवर चालवायचा आणि सोमवारी निर्णय घ्यायचा.

चेकलिस्ट छोटीच असावी, पण प्रत्येक ओळीपुढे ती तपासणाऱ्याचं नाव हवं आणि तो रिलीज करणाऱ्याहून वेगळा हवा. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर चढवायचा राहिला. तिथला जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. दुसऱ्या कुणी ते तपासलेलं नव्हतं. म्हणून ‘प्रत्येक सर्व्हरवर आवृत्ती तीच दिसते का’ ही ओळ कधी गाळू नये.

आता कॅलेंडर. पगाराचं बिल १, ११ आणि २१ तारखेला निघतं. रिलीजचा मंगळवार त्यावर आला तर रिलीज एक दिवस पुढे, बुधवारी. वेळ सकाळचं संकलन आटोपल्यावर, अकराच्या सुमाराला, म्हणजे संध्याकाळच्या दुधाआधी काही तास हाताशी राहतात. आषाढीच्या आधी माउलींची पालखी बरडहून धर्मपुरीमार्गे नातेपुत्याला मुक्कामी येते. त्या आठवड्यात रस्ते, गावातली गर्दी आणि नेटवर्क काहीच हातात नसतं. तेव्हा रिलीज सरळ गाळावं.

मंगळवारी प्ले स्टोअरवर आधी १० टक्के फोनवरच सोडायचं. इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी: पसरणं थांबवता येतं, पण ज्याच्या फोनवर नवी आवृत्ती गेली त्याला जुनी परत देता येत नाही. वाढीव `versionCode` चा नवा बिल्डच पाठवावा लागतो. शिवाय काही दिवस अर्धी केंद्रं जुन्या आणि अर्धी नव्या ॲपवर असतात, म्हणून सर्व्हरला दोन्ही समजली पाहिजेत. डेटाबेसमधल्या दराच्या रकान्याचं नाव या रिलीजमध्ये बदलू नये. नवा रकाना जोडावा, दोन्ही भरत राहावं, आणि जुना काढायचा तो शेवटचं केंद्र नव्या आवृत्तीवर आल्याचं सर्व्हरच्या नोंदीत दिसल्यावरच.