साडेतीन फाटकांचा हिशेब

गेल्या आठवड्यात आपण लिनिअर प्रोग्रॅमिंगचं गणित आलेखावर सोडवलं. अटींच्या रेषांनी वेढलेला बहुभुज आणि त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर बसलेलं सर्वोत्तम उत्तर, इथवर आपण आलो होतो. तो कोपरा अपूर्णांकावर पडला तर काय करायचं, हा प्रश्न तेव्हा बाजूला ठेवला होता. आज तोच घेऊ.

एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी फाटकं आणि जिन्याचे कठडे तयार होतात. एका फाटकाला वेल्डिंगचे ३ तास आणि रंगकामाचे ५ तास लागतात. कठड्याला उलट, वेल्डिंगचे ५ आणि रंगकामाचे ३. या आठवड्यात वेल्डिंगसाठी २३ तास आहेत आणि रंगकामासाठी २५. फाटकामागे ५ हजार रुपये सुटतात, कठड्यामागे ६ हजार. फाटकं x आणि कठडे y मानले, तर गणित असं होतं :

```
5x + 6y  जास्तीत जास्त हवे
3x + 5y ≤ 23   (वेल्डिंग)
5x + 3y ≤ 25   (रंगकाम)
x ≥ 0, y ≥ 0, दोन्ही पूर्णांक
```

शेवटची पूर्णांकाची अट तात्पुरती सोडून दिली, तर उरतं ते नेहमीचं रैखिक गणित. त्याला मूळ गणिताचं शिथिल रूप म्हणू. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे त्याचं उत्तर मिळतं : साडेतीन फाटकं, अडीच कठडे, नफा ३२.५ हजार. अर्धं फाटक कोणी विकत घेत नाही, म्हणून पहिला विचार येतो तो जवळचा पूर्णांक धरण्याचा. करून पाहा. ४ फाटकं आणि ३ कठडे दोन्ही अटींत बसत नाहीत. ४ आणि २ ला रंगकामाचे २६ तास लागतात, ३ आणि ३ ला वेल्डिंगचे २४. बसतात ती फक्त ३ आणि २, आणि नफा येतो २७ हजार. खरं सर्वोत्तम उत्तर याहून बरंच दूर आहे आणि ते शेजारपाजारी शोधून सापडत नाही.

मग साडेतीन-अडीचचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. शिथिल रूपात अटी कमी असतात, त्यामुळे मूळ गणिताचं प्रत्येक उत्तर त्यातही बसतं. म्हणून कोणतंही पूर्णांकी उत्तर ३२.५ हजारांच्या वर जाऊ शकत नाही. शिवाय इथे एका नगामागचा नफा पूर्ण हजारांत आहे, म्हणजे एकूण नफाही पूर्ण हजारांतच येणार. तेव्हा कमाल मर्यादा ३२. एकही पूर्णांकी उत्तर न पाहता आपण सगळ्यांबद्दल काहीतरी सिद्ध केलं. आजची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

आता फांद्या. फाटकांची संख्या पूर्णांक असेल तर ती ३ किंवा कमी असेल, नाहीतर ४ किंवा जास्त. मधला पट्टा टाकून दिला तर एकही खरं उत्तर हातचं जात नाही, पण साडेतीन मात्र जातं. म्हणून एका गणिताची दोन करायची, एकात x ≤ 3 ही जादा अट घालायची, दुसऱ्यात x ≥ 4, आणि दोन्हींची शिथिल रूपं पुन्हा सोडवायची.

पहिल्या फांदीत फाटकं ३ वर अडतात. वेल्डिंगचे उरलेले १४ तास कठड्यांना दिले की २.८ कठडे होतात आणि नफा ३१.८. दुसऱ्या फांदीत फाटकं ४, रंगकामाचे उरलेले ५ तास ३ ने भागून १.६७ कठडे, नफा ३०. हा ३० खरोखरच वरची मर्यादा आहे का, हे आलेखाशिवायही पडताळता येतं. रंगकामाची अट दुप्पट करा : 10x + 6y ≤ 50. या फांदीत x किमान ४ आहे, म्हणजे 5x किमान २०. वजा करा, उरतं 5x + 6y ≤ 30. गणित सोडवणारा प्रोग्रॅमही मर्यादा काढतो तेव्हा आत हेच चाललेलं असतं. अटींना योग्य गुणकांनी गुणून बेरीज करायची आणि नफ्याला वरून झाकणारी असमानता मिळवायची. हे गुणक म्हणजे द्वैती गणिताचं उत्तर.

दोन फांद्यांपैकी ३१.८ ची फांदी जास्त आशादायक, म्हणून ती आधी उघडू. तिथे कठडे २.८ आहेत, तेव्हा एकीकडे y ≤ 2, दुसरीकडे y ≥ 3. y ≤ 2 मध्ये शिथिल रूपाचंच उत्तर ३ फाटकं, २ कठडे असं पूर्णांकी आलं. नफा २७. या फांदीत याहून चांगलं काही असणार नाही, कारण शिथिल रूपालाही ते सापडलं नाही. ही फांदी इथे संपली आणि २७ हे आपलं हातातलं उत्तर झालं.

y ≥ 3 मध्ये ३ कठड्यांना वेल्डिंगचे १५ तास जातात, उरलेल्या ८ तासांत २.६७ फाटकं होतात. मर्यादा ३१.३३. पुन्हा दोन फांद्या. x ≥ 3 ला वेल्डिंगचे २४ तास लागतील, ते आपल्याकडे नाहीत. ती फांदी रिकामी, तिथेच बंद. x ≤ 2 मध्ये २ फाटकं आणि ३.४ कठडे, मर्यादा ३०.४. आणखी एकदा फोडू. y ≤ 3 ला २ फाटकं, ३ कठडे, नफा २८. y ≥ 4 ला ४ कठड्यांचे २० तास, उरलेल्या ३ तासांत नेमकं एक फाटक, नफा २९. एक फाटक आणि चार कठडे. साडेतीन-अडीचपासून किती लांब आहे हे पाहा. हातातलं उत्तर आता २९.

पण काम संपलेलं नाही. x ≥ 4 ची फांदी बाजूला ठेवली होती आणि तिची मर्यादा ३० आहे. तिथे ३० हजारांचं उत्तर दडलेलं असू शकतं, म्हणून ती उघडावीच लागते. कठडे १.६७, तेव्हा y ≥ 2 आणि y ≤ 1. पहिलीत रंगकामाचे २६ तास लागतात, म्हणून ती रिकामी. दुसरीत ४.४ फाटकं आणि १ कठडा, मर्यादा २८. हे उत्तर अपूर्णांकी आहे आणि आणखी फोडता आलं असतं, पण गरज उरलेली नाही. हातात २९ असताना २८ च्या वर न जाणाऱ्या फांदीत शोधायचं काय? ती छाटायची. इथला पुरावा तर तोंडी देता येतो : 5x + 3y ≤ 25, आणि y ≤ 1 मुळे 3y ≤ 3, दोन्ही मिळवले की 5x + 6y ≤ 28. आता एकही फांदी उघडी नाही आणि २९ हे सर्वोत्तम उत्तर सिद्ध झालं.

एकूण ११ शिथिल गणितं सोडवली. २९ सापडलं तेव्हा त्यांतली ९ झाली होती. शेवटच्या दोनांनी उत्तरात काडीचीही भर घातली नाही, त्यांनी फक्त याहून चांगलं नाही हे दाखवलं. मोठ्या गणितांत हे प्रमाण उलटं होतं. चांगलं उत्तर काही मिनिटांत हाती लागतं आणि ते सर्वोत्तम असल्याचा पुरावा गोळा करण्यात तासच्या तास जातात. म्हणून सॉल्व्हरच्या पडद्यावर दोन आकडे शेजारी चालत असतात, हातातलं उत्तर आणि उघड्या फांद्यांतली सर्वांत मोठी मर्यादा. त्यांच्यातल्या अंतराला Gap म्हणतात. आपल्याकडे २९ सापडल्यावर हे अंतर २९ आणि ३० मधलं, साधारण साडेतीन टक्के होतं. धंद्यात पुष्कळदा एवढ्यावर थांबतात आणि ते रास्तच असतं, कारण जास्तीत जास्त किती नुकसान होईल हे तिथे ठाऊक असतं.

क्रमालाही महत्त्व आहे. समजा आपण x ≥ 4 ची फांदी आधी तळापर्यंत खोदली असती. तर २८ ची मर्यादा आली तेव्हा हातात काहीच नसतं आणि तिला छाटता आलं नसतं. ती आणखी दोन भागांत फोडावी लागली असती, त्यांतून २६ आणि २५ ची निरुपयोगी उत्तरं मिळाली असती आणि ११ ऐवजी १३ गणितं झाली असती. छाटणीला दोन्ही लागतात, खालून वर येणारं चांगलं उत्तर आणि वरून खाली येणारी घट्ट मर्यादा.

ही पद्धत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी १९६० साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात मांडली. फांदी दोनच भागांत फोडण्याची आजची रीत डेकिन यांच्या १९६५ च्या लेखातून रूढ झाली.

प्रत्येक फांदीत गणित पहिल्यापासून सोडवावं लागत नाही, हेही सांगायला हवं. नवी अट घातल्यावर जुनं उत्तर तेवढी एकच अट मोडतं, आणि जुने गुणक मात्र नव्या गणितालाही लागू पडतात. तिथून सुरुवात करून द्वैती सिम्प्लेक्स बहुधा थोड्या पावलांत नव्या कोपऱ्यावर पोहोचतो. लाखो फांद्यांची गणितं सुटतात ती या सोयीमुळे.

मात्र मर्यादा सैल असेल तर सगळं ढासळतं. याचं सर्वांत लख्ख उदाहरण रॉबर्ट जेरोस्लो यांनी १९७४ मध्ये दिलं. ४१ चलं घ्या, प्रत्येक ० किंवा १. अट एकच : त्यांच्या बेरजेची दुप्पट ४१ असावी. सम संख्या विषम कशी होईल? उत्तर नाही, हे शाळकरी मुलगाही सांगेल. पण शिथिल रूपाला सम-विषम कळत नाही. त्याला फक्त बेरीज २०.५ व्हायला हवी असते, आणि उरलेल्या चलांत अपूर्णांक वाटून ते ती सहज जमवतं. फांदी बंद पडायला निदान २१ चलं ० वर किंवा निदान २१ चलं १ वर अडकावी लागतात. म्हणजे कोणतीही फांदी २१ पायऱ्यांच्या आत बंद होत नाही, आणि झाडाच्या टोकाशी किमान २ चा २१ वा घात, जवळजवळ २१ लाख बंद फांद्या जमतात. ५१ चलं घेतली तर २६ वा घात, पावणेसात कोटींच्या आसपास. फांद्या कोणत्याही क्रमाने उघडल्या तरी यातून सुटका नाही, कारण दोष शिथिल रूपातच आहे.

उपाय तिथेच करावा लागतो. एकही पूर्णांकी उत्तर न गमावता अपूर्णांकी कोपरा कापून टाकणारी नवी अट घालायची. राल्फ गोमोरी यांनी १९५८ मध्ये अशा अटी यांत्रिकपणे काढण्याची रीत दिली. पुढच्या आठवड्यात आपल्या याच फाटकांच्या गणितावर ती चालवून पाहू.