लांब केसांतल्या उवा आणि फणीचे वेळापत्रक

उवा झालेल्या मुलीचे डोके सुरुवातीला खाजतच नाही. रक्त पिताना ऊ त्वचेत लाळ सोडते आणि खाज येते ती त्या लाळेच्या ॲलर्जीमुळे. पहिल्याच खेपेला ही ॲलर्जी व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर उवा कानामागे आणि मानेवरच्या केसांत पसरलेल्या असतात. त्या उडी मारत नाहीत, उडतही नाहीत. बाकावर दोघींची डोकी एकमेकींना टेकली की एकीच्या केसांवरून दुसरीच्या केसांवर चालत जातात. यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही, म्हणून मुलीला रागावणे अन्यायाचे आहे.

मादी आपले अंडे, म्हणजे लीख, केसाच्या मुळाशी चिकटवते. कोंडा बोटाने सरकतो, लीख सरकत नाही, ही ओळखण्याची सोपी खूण. सात ते दहा दिवसांत लिखेतून पिल्लू बाहेर येते आणि साधारण आणखी नऊ-दहा दिवसांनी तेही अंडी घालू लागते. उपचाराचे सगळे गणित या दिवसांवर बसलेले आहे.

औषधांच्या दुकानात मिळणारे एक टक्का परमेथ्रिनचे लोशन साध्या शाम्पूने धुऊन टॉवेलने टिपलेल्या केसांना लावतात आणि दहा मिनिटांनी धुतात. त्या दिवशी तेल किंवा कंडिशनर लावू नये. या औषधाने उवा मरतात, पण लिखा बऱ्याचशा वाचतात. म्हणून रविवारी औषध लावले, तर नऊ दिवसांनी, पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी, ते पुन्हा लावायचे. तोवर वाचलेल्या लिखा फुटलेल्या असतात, मात्र नव्या उवांनी अजून अंडी घातलेली नसतात. ही दुसरी खेप चुकली की ‘औषध लागूच पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. दुसऱ्या खेपेनंतरही जिवंत उवा दिसल्या तर डॉक्टरांना विचारून औषध बदलावे.

औषधाच्या जोडीला दर तीन-चार दिवसांनी फणी हवी, किमान दोन आठवडे. कंबरेपर्यंतच्या केसांत नुसती फणी घातली तर ती गुंत्यात अडकते आणि मुलगी रडून उठते. आधी केस ओले करून भरपूर कंडिशनर लावावा, मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवावा, मग केसांचे चार भाग करून तीन बांधून ठेवावेत. मोकळ्या भागातली एकेक बारीक बट घेऊन फणी टाळूला टेकवायची आणि टोकापर्यंत ओढायची. दर वेळी ती पांढऱ्या कापडावर पुसायची. राखाडी-तपकिरी ठिपका हलला तर ती जिवंत ऊ.

लिखेचे रिकामे कवच केसाबरोबर वाढत खाली येते. टाळूपासून बोटभर लांब दिसणारी पांढरी लीख बहुधा जुनी असते. तेवढ्यासाठी पुन्हा औषध लावू नये. उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुतले की पुरे, कारण डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांत मरते. घरातल्या सर्वांची डोकी मात्र त्याच दिवशी तपासावीत.

रॉकेल किंवा झुरळांचा खडू डोक्याला कधीही लावू नये. रॉकेल पेट घेते आणि कीटकनाशक त्वचेतून अंगात भिनते. खाजवून जखमा चिघळल्या, पू आला किंवा मानेवर गाठी आल्या तर आधी डॉक्टरांना दाखवावे.