खुर्चीतून उठवणारी आठवण

संगणकावर काम करणाऱ्याची मान दुखते ती जड ओझ्याने नव्हे, तर हालचाल थांबल्याने. डोक्याचे वजन साधारण पाच किलो असते. मान पुढे झुकली की ते पेलण्यासाठी मानेचे आणि खांद्यांचे स्नायू सतत आवळलेले राहतात. कामात लक्ष गुंतल्यावर हा ताण जाणवत नाही, म्हणून बाहेरून आठवण करून द्यावी लागते. ती किती उपयोगी पडेल हे मुख्यतः ती काय मोजते यावर ठरते.

मोबाइलचा गजर फक्त घड्याळ पाहतो. कर्मचारी नुकताच चहा पिऊन जागेवर आला असला तरी तो वाजतो. असे दोन-चारदा झाले की हात आपोआप गजर बंद करतो.

‘वर्करेव्ह’ हा मोफत संगणकीय कार्यक्रम कीबोर्ड आणि माऊसचा वापर मोजतो. त्याच्या मूळ मांडणीत तीन मिनिटांच्या कामानंतर तीस सेकंदांचा छोटा विराम आणि पंचेचाळीस मिनिटांनंतर दहा मिनिटांची विश्रांती असते. हिशेबनीस बिले नोंदवता नोंदवता अर्धा मिनिट थांबला, तर छोट्या विरामाची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि त्याला विनाकारण अडवले जात नाही. तीन मिनिटांचे अंतर फार कमी वाटत असल्यास ते वाढवता येते.

तीस सेकंदांत तीन गोष्टी सहज होतात. हात कीबोर्डवरून काढून मांडीवर सैल सोडावेत. खांदे वर, मागे आणि खाली असे सावकाश फिरवावेत. मग नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्यावी, पाच सेकंद थांबून सोडावी आणि हे दोन-तीनदा करावे. हनुवटी मागे घेताना मान वर किंवा खाली झुकू देऊ नये. मोठ्या विश्रांतीत मात्र उठून चालावे. खुर्चीत बसून मोबाइल पाहिल्यास मान पुन्हा वाकलेलीच राहते.

या मोजणीत एक उणीव आहे. दीर्घ बैठकीत किंवा कागद वाचताना हात थांबतात, तेव्हा कर्मचारी ताठरून बसलेला असला तरी नुसती बोटांची हालचाल मोजणाऱ्या कार्यक्रमाला ती विश्रांतीच वाटते. तिथे शरीराची हालचाल मोजणारे मनगटी घड्याळ कामी येते. ‘ॲपल वॉच’ तासातली पहिली पन्नास मिनिटे बसून गेल्यास उठायची आठवण करते.

पाठ वाकली आहे की नाही हे यांपैकी कोणालाच दिसत नाही. पाठीवर लावायची काही उपकरणे वाकल्यावर थरथरतात, पण स्क्रीन खाली असेल तर मान पुन्हा झुकणारच. म्हणून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या आसपास आणि पावले जमिनीवर टेकलेली असावीत. प्रत्येक विरामानंतर मान काही मिनिटांतच पुढे जात असेल, तर आधी स्क्रीन आणि खुर्चीची उंची तपासावी. हाताला मुंग्या येणे, बधिरपणा किंवा पकड ढिली पडणे अशी लक्षणे असतील, तर केवळ ताणाच्या व्यायामांवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे.